दहावीच्या मुलांसाठी शाखानिवडीचं कॅरोसेल: पाच टेबलं, पण जाहिरात कुणाचीच नको. मांडणी कशी करावी?

खडू_फळा

दरवर्षी आमच्या शाळेत दहावीच्या मुलांना करिअरवर एक भाषण असतं. वक्ता ज्या शाखेचा, तीच शाखा मुलांना त्या दिवशी आवडते. या वेळी भाषण बंद करून कॅरोसेल घ्यायचं ठरलंय. पाच टेबलं असतील: विज्ञान, वाणिज्य, कला, पॉलिटेक्निक आणि आयटीआय. मुलं ६०, म्हणजे १२-१२ चे पाच गट. प्रत्येक गट एका टेबलावर ठरलेला वेळ बसणार, घंटा झाली की पुढच्या टेबलावर.

तीन गोष्टींवर अडलोय. एका टेबलाला वेळ किती द्यावा? विज्ञानाकडे गर्दी असते, तर त्याला दोन टेबलं द्यावीत का? आणि टेबलावर कुणाला बसवावं, म्हणजे तो आपल्याच शाखेचं कौतुक करत बसणार नाही? कुठली शाखा चांगली हा धाग्याचा विषय नाही, एवढं कृपया लक्षात असू द्या.

मधली_सुट्टी

वेळेपासून सुरू करू. १५ मिनिटं बोलणं आणि ३ मिनिटं लिहून उठायला, असे एका टेबलाचे १८. पाच टेबलांचे ९० होतात. सुरुवातीला १० मिनिटं चिठ्ठी भरायला आणि शेवटी २० मिनिटं परत वर्गात बसून लिहायला ठेवलीत तर बरोबर दोन तास. १० मिनिटांत टेबलावरचा माणूस स्वतःची ओळखच करून देतो. २५ दिलीत तर चौथ्या टेबलापर्यंत मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात.

ती ३ मिनिटं कापू नका. वेळ कमी पडला की पहिली कात्री तिथेच लागते. मग मुलं पाचही टेबलं ऐकून येतात आणि कागदावर फक्त शेवटच्या टेबलाचं उरतं.

आता क्रम. पाच गट पाच वेगवेगळ्या टेबलांपासून सुरू होतील, त्यामुळे ‘पहिलं ऐकलेलं डोक्यात बसतं’ याचा फायदा एकाच टेबलाला मिळत नाही. पण सगळे एकाच दिशेने सरकले तर प्रत्येक टेबलाच्या आधी कायम तेच शेजारचं टेबल येतं. विज्ञानाशेजारी आयटीआय ठेवलंत तर जवळजवळ प्रत्येक गट सीईटी-नीटच्या गप्पा ऐकून लगेच तिथे बसेल आणि तुलना तिथेच होऊन जाईल. दोन तुकड्या असतील तर दुसऱ्या तुकडीला एक टेबल सोडून सरकवा: १, ३, ५, २, ४. पाच टेबलांना हे जमतं. सहा केलीत तर १, ३, ५ झाल्यावर गट परत १ वर येतो आणि सम आकड्यांची टेबलं राहूनच जातात.

सरळ_रेषा

एवढा खटाटोप कशाला? ज्याला झेपेल त्याने विज्ञान घ्यावं, कारण विज्ञानातून पुढे कुठेही जाता येतं, उलटं येता येत नाही. हे एक वाक्य फळ्यावर लिहा, अर्धी मुलं तिथेच सुटतील.

जमाखर्च

@सरळ_रेषा, अर्धं बरोबर आहे. बारावी विज्ञान करून बीकॉम, बीए, लॉ, डिझाइन, हॉटेल मॅनेजमेंट सगळीकडे जाता येतं आणि बारावी कला करून बीएससी फिजिक्सला जाता येत नाही, हे खरं. पण ‘विज्ञान’ म्हणून एकच गोष्ट नसते. गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्या मुलाला इंजिनिअरिंगचे बहुतेक रस्ते बंद. जीवशास्त्र सोडून गणित घेतलेल्याला बारावीनंतर नीटला सरळ बसता येत नाही, आधी तो विषय वेगळा देऊन पास व्हावा लागतो. म्हणजे विज्ञानाच्या आतही दारं बंद होतात, आणि ती अकरावीचे विषय भरतानाच होतात.

दुसरं म्हणजे, सीएसाठी वाणिज्य शाखा लागतच नाही. कुठल्याही शाखेतून बारावी केली तरी फाउंडेशनला बसता येतं. पण ज्याने दोन वर्षं जमाखर्च लिहिलेला नाही त्याला डेबिट-क्रेडिटपासून सुरुवात करावी लागते. दार उघडं असलं तरी दोन वर्षांचा सराव राहिलेला असतो. ‘नंतर कुठेही जाता येतं’ म्हणताना ही दोन वर्षं कुणी मोजत नाही.

आमच्या बाजूचा गैरसमजही सांगतो, नाहीतर मीच जाहिरात करतोय असं वाटेल. ‘वाणिज्य घेतलं की गणित सुटलं’ हे मुलं अगदी खात्रीने सांगतात. अकरावीला गणिताऐवजी एसपी, म्हणजे चिटणीसाची कार्यपद्धती, घेता येतं, ते खरं. पण सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी तिसरा १०० गुणांचा, व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा, आणि त्यात चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. प्रत्येक पेपरात ४० आणि सगळे मिळून ५० टक्के लागतात. गणितापासून पळून आलेला मुलगा तिथे परत गणितालाच भेटतो.

आई_अकरावीची

माझ्या मुलाचा सराव परीक्षेत गणित विषय राहिला. मुख्य परीक्षेतही राहील अशी भीती आहे. त्याला थेट आयटीआयच्याच टेबलावर पाठवलं तर चालेल का? बाकीच्या टेबलांवर बसून उगाच मन खट्टू होईल त्याचं.

लेथ_मास्तर

ताई, हा प्रश्न वेगळा आहे, पण उत्तर देतो, कारण आमच्या टेबलाचं दुखणं नेमकं इथेच आहे. ‘काही जमलं नाही की आयटीआय’ अशी पाटी लागलेली असते. फिटर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन-दोन वर्षांचे ट्रेड आहेत आणि त्यांना दहावी गणित-विज्ञानासह पास लागते. दहावी नापास चालणारे ट्रेडही आहेत, वेल्डरचा एका वर्षाचा किंवा वायरमनचा दोन वर्षांचा. म्हणजे गणित राहिलं म्हणून आयटीआय असं गणित मांडलंत तर बरेच ट्रेड आधीच हातातून गेलेले असतात.

शिवाय एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्यानंतर होते. तेव्हा मुलाला पाचही टेबलांवर बसू द्या. हाताने काम करायची आवड आहे म्हणून तो आमच्याकडे आला तर आनंद आहे. बाकी कुठे दार नाही म्हणून आला तर पहिल्या तीन महिन्यांत फाइलिंग करतानाच कंटाळतो, लोखंडाचा एक तुकडा काटकोनात आणायला दिवस-दिवस लागतात.

मधली_सुट्टी

लेथ मास्तरांनी सांगितलेली गोष्ट टेबलाच्या कागदावर यायला हवी. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी मोकळं सोडलं की तो आवडीचं बोलतो. म्हणून पाचही टेबलांना एकच प्रश्नपत्रिका द्या, प्रश्न तेच आणि क्रमही तोच:

१. आठवड्यातले तास कशात जातात? (वर्ग, प्रॅक्टिकल, वर्कशॉप, जर्नल)
२. कोर्स संपला की हातात नेमका कुठला कागद येतो आणि त्यावर लगेच काय करता येतं?
३. पुढे शिकायला कुठली परीक्षा द्यावी लागते?
४. हे घेतल्यावर कुठली दारं बंद होतात?
५. चुकलं असं वाटलं तर परत कसं यायचं आणि किती वर्षं जातात?
६. फी सोडून खर्च कुठे होतो?
७. कुठल्या प्रकारच्या मुलाने इथे येऊ नये?

चौथा आणि सातवा प्रश्न जो माणूस टाळतो तो जाहिरात करतोय हे मुलांनाही कळतं. या दोघांची उत्तरं आदल्या आठवड्यात लिहून मागवा, ऐनवेळी ‘तसं काही बंद होत नाही’ असंच ऐकू येतं. सहाव्यात विज्ञानाच्या टेबलाने क्लासचा खर्च सांगितलाच पाहिजे, नाहीतर कागदावर विज्ञानाची फी आणि वाणिज्याची फी जवळपास सारखीच दिसते.

टेबलावर कुणाला बसवावं? तो कोर्स संपवून दोन ते पाच वर्षं झालेली व्यक्ती. प्राचार्य नकोत, क्लासवाले तर अजिबात नकोत. माहितीपत्रकं, पेनं, बॅगा वाटायच्या नाहीत हे आधीच लेखी सांगा.

सातमजली

पॉलिटेक्निकच्या टेबलासाठी एक मुद्दा. ‘दहावीनंतर डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगचं एक वर्ष वाचतं’, हे घरोघरी सांगतात. ते बरोबर आहे ना? कारण थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

मधली_सुट्टी

थेट दुसऱ्या वर्षाला मिळतो, पण वर्ष वाचत नाही. अकरावी-बारावी २ आणि डिग्री ४ मिळून ६. डिप्लोमा ३ आणि दुसऱ्या वर्षापासून डिग्री ३, तरी ६. फरक वेगळ्या गोष्टींत आहे. डिप्लोमावाल्याला सीईटी द्यावी लागत नाही, त्याच्या डिग्री प्रवेशाची गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या गुणांवर लागते. तीन वर्षांनंतर शिकणं थांबवलं तरी नोकरी लागेल असा कागद त्याच्या हातात असतो, तर बारावी विज्ञान पास मुलाच्या हातात पुढच्या प्रवेशाचं तिकीट असतं, बाकी फारसं काही नाही. उलट बाजूने, पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याने सिव्हिल किंवा मेकॅनिकल अशी शाखा निवडलेली असते, मेडिकलचं दार बंद झालेलं असतं, आणि डिग्रीच्या दुसऱ्या वर्षातलं गणित त्याला जड जातं, कारण बाकीच्यांनी पहिल्या वर्षात त्याचा पाया घातलेला असतो.

‘वर्ष वाचतं’ हे वाक्य टेबलावर कुणी म्हटलं तर फळ्यावर २+४ आणि ३+३ लिहायला लावा.

खडू_फळा

प्रश्नपत्रिका आवडली. नववीच्या दहा मुलांवर चाचणी म्हणून फक्त चौथा आणि पाचवा प्रश्न वापरून बघितला. एका मुलीच्या चिठ्ठीवर होतं: ‘घरांचे नकाशे काढायचे आहेत, चित्रकला आणि गणित आवडतं, जीवशास्त्र नको.’ मी लगेच विज्ञानाचं टेबल म्हणणार होते, पण बाकीच्या चार टेबलांनी तिला काय सांगावं?

कोनमापक

हिच्याकरता पाचही टेबलांचं उत्तर वेगळं आहे.

विज्ञानाच्या टेबलावर तिने ऐकावं की भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन सोडायचे नाहीत, जीवशास्त्र सोडलं तरी चालतं. बारावीनंतर नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा द्यायची, मग पाच वर्षांचं बी.आर्क. एकूण २+५, म्हणजे ७. तिला नको असेल तर काय? तेच विषय घेऊन ती इंजिनिअरिंगलाही बसू शकते.

पॉलिटेक्निकच्या टेबलावर सिव्हिल डिप्लोमा, ३ वर्षं. त्यानंतर दोन फाटे फुटतात. सिव्हिल इंजिनिअर व्हायचं तर अजून ३, एकूण ६. आर्किटेक्ट व्हायचं तर डिप्लोमात गणित आहे म्हणून बी.आर्क.चं दार उघडं, पण तिथे नाटा देऊन पहिल्या वर्षापासून सुरुवात, म्हणजे ३+५, एकूण ८. हा फरक टेबलावर कुणी सांगत नाही, सगळे ‘थेट दुसरं वर्ष’ एवढंच सांगतात.

आयटीआयच्या टेबलावर ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. नकाशे काढणं हे तिचं काम शब्दशः तिथेच शिकवतात, आणि दोन वर्षांनी ऑफिसात कॅडवर बसून कमवायला लागता येतं. पुढे शिकायचं तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, तिथून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला: २+२+३, म्हणजे ७ वर्षांत सिव्हिल इंजिनिअर. मात्र घर कसं असावं हे ठरवणारा वेगळा आणि त्याचा नकाशा काढणारी आपण, हे तिला तिथे स्पष्ट सांगायला हवं. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही.

कलेच्या टेबलावर बी.आर्क. बंद, कारण भौतिकशास्त्र नाही. पण डिझाइन उघडं आहे: यूसीड आणि एनआयडीच्या प्रवेश परीक्षांना कुठलीही शाखा चालते. कला शाखेत गणितही घेता येतं, फक्त ते शिकवणारं कॉलेज जवळपास आहे का ते बघावं लागतं. नियमात असलेला विषय कॉलेजात नसतो, हे कलेच्या टेबलाने पहिल्या दोन मिनिटांत सांगावं.

वाणिज्याच्या टेबलावरही तेच, बी.आर्क. बंद आणि डिझाइन उघडं. तिथल्या माणसाने ‘तुझ्या कामाचं इथे फारसं नाही’ असं म्हटलं तर ते टेबल चांगलं चाललंय असं समजा.

सरळ_रेषा

म्हणजे शेवटी तिने विज्ञानच घ्यायचं ना? ७ वर्षांत आर्किटेक्ट, सगळ्यात सरळ.

कोनमापक

तिला आर्किटेक्टच व्हायचं असेल, दोन वर्षं भौतिकशास्त्राचा अभ्यास झेपत असेल आणि घरच्यांना सात वर्षं थांबता येत असेल, तर हो. यातलं एक जरी नाही म्हटलं तरी उत्तर बदलतं, आणि ते तिघं मिळून घरी ठरवतील. कॅरोसेलने तिला पाच आकडे दिले की काम झालं.

लेथ_मास्तर

तिच्या चिठ्ठीवर ‘आर्किटेक्ट’ नाहीच, ‘नकाशे काढायचे आहेत’ असं आहे. मोठ्या माणसांनी त्याचं आर्किटेक्ट केलं.

खडू_फळा

हे पटलं. मग टेबलं शाखांऐवजी कामांप्रमाणे लावावीत का? म्हणजे ‘बांधणं’, ‘बरं करणं’, ‘हिशेब ठेवणं’, ‘लिहिणं-बोलणं’, ‘यंत्र चालवणं’, आणि प्रत्येक टेबलावर त्या कामाला जाणारे सगळे रस्ते. विज्ञानाला दोन टेबलं द्यायचा प्रश्नही त्यात सुटेल.

मधली_सुट्टी

मला कामांची टेबलं आवडतात, पण त्याला माणसं मिळत नाहीत. ‘बरं करणं’ या टेबलावर बसणाऱ्याला नीट, बीएससी नर्सिंग, जीएनएम, फिजिओथेरपी, मानसशास्त्रातलं बीए आणि समुपदेशन हे सगळं माहीत हवं. बीएससी नर्सिंगला भौतिक-रसायन-जीवशास्त्र लागतं आणि जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाला कुठल्याही शाखेची बारावी चालते, एवढा एक फरकसुद्धा बहुतेकांना सांगता येत नाही. शाखेच्या टेबलावर निदान माणसाला स्वतःचं माहीत असतं.

विज्ञानाला दोन टेबलं देऊ नका. पाचातली दोन विज्ञानाची झाली की मुलाच्या डोक्यात तेवढाच हिस्सा बसतो. टेबल एकच ठेवा, त्यावर कागद दोन: एक गणिताच्या बाजूचा, एक जीवशास्त्राच्या बाजूचा.

जमाखर्च

इथे माझं मत वेगळं आहे. १५ मिनिटांत दोन कागद होत नाहीत, आणि विषयांची सर्वांत महागडी चूक विज्ञानातच होते. त्या टेबलाला १५ ऐवजी २० मिनिटं द्यावीत.

मधली_सुट्टी

एका टेबलाला २० दिलीत तर बाकी चार गट ५ मिनिटं नुसते बसून राहतात, फेरी एकत्रच सरकते. त्यापेक्षा गणित की जीवशास्त्र की दोन्ही, हा कागद आदल्या दिवशी वर्गात वाटा.

सातमजली

नव्या शैक्षणिक धोरणात कला-विज्ञान अशा भिंती नकोत असं म्हटलंय. मग ही टेबलं दोन-चार वर्षांत जुनी होणार नाहीत का?

मधली_सुट्टी

२०२० च्या धोरणात तसं लिहिलंय. पण अकरावीच्या ऑनलाइन अर्जात आजही शाखा निवडावी लागते, आणि बी.आर्क. किंवा नीटच्या पात्रतेत विषयांची नावं तशीच आहेत. भिंती उद्या गेल्या तरी चौथा प्रश्न राहतोच, फक्त ‘हे घेतल्यावर’ऐवजी ‘हा विषय सोडल्यावर’ असा लिहावा लागेल.

आई_अकरावीची

पालकांनाही बसू देणार का? मला स्वतःला हे २+४ आणि ३+३ माहीत नव्हतं.

खडू_फळा

पालकांची वेगळी फेरी ठेवावी असं वाटतंय, मुलांच्या गटात नको. पालक शेजारी बसले की मूल प्रश्न विचारत नाही. पण दोन फेऱ्यांसाठी टेबलावरची माणसं चार तास थांबतील का, हे अजून विचारायचं आहे. अर्जाची माहिती मात्र दोघांनाही एकत्रच देणार. पसंतीक्रमात जास्तीत जास्त १० कॉलेजं भरता येतात, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. हे कळल्याशिवाय ‘बघू, भरून तर ठेवू’ म्हणत पहिली ओळ भरली जाते.

शेवटचं: फेरी एकतर्फी झाली का, हे कसं ओळखायचं?

मधली_सुट्टी

सुरुवातीच्या १० मिनिटांत प्रत्येकाने पाच टेबलं आवडीच्या क्रमाने लिहायची, शेवटी तीच यादी पुन्हा. समजा विज्ञान पहिलं लिहिणारी ३६ मुलं होती आणि शेवटी ३० झाली, वाणिज्य, आयटीआय, कला थोडी थोडी वाढली, तर ठीक. पण एकाच टेबलाने सगळीकडून मुलं ओढली, ८ ची २५ झाली, तर त्या टेबलावर चांगला विक्रेता बसला होता. त्याचा चौथ्या आणि सातव्या प्रश्नाचा कागद मागून वाचा, बहुतेक कोराच असतो. पुढच्या तुकडीला माणूस बदला.

क्रम अजिबात न बदललेली मुलंही असतील. त्यांना बदलायला लावू नका. त्यांच्या यादीखाली एक ओळ मोकळी सोडा: ‘कुठल्या टेबलाला विचारायचं राहिलं?’ आणि त्या ओळी आठवड्याभरात त्या-त्या टेबलाच्या माणसाकडे पोचवून लेखी उत्तर आणा.

लेथ_मास्तर

आणि आयटीआयचं टेबल कोपऱ्यात दाराजवळ लावू नका. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथेच पाण्याची बाटली ठेवतो.